पाकीट किती स्वस्त झालं?

21 जुलै 2018, शनिवार. मगरिबची नमाज आटोपून आम्ही तिघी जावा स्वयंपाकघरात होतो. तेवढ्यात मुंबईला शिकायला असलेल्या धाकट्या नणंदेचा फोन आला. "भाभी, आपण जिंकलो!" ती ओरडलीच. जीएसटी परिषदेने सॅनिटरी पॅडवरचा 12 टक्के कर पूर्ण काढून टाकला होता.

'आपण' म्हणायचा तिला हक्क होता. आदल्या वर्षी, एप्रिल 2017 मध्ये, मुंबईच्या 'शी सेज' या संस्थेने #LahuKaLagaan ही मोहीम सुरू केली होती. लहू का लगान, म्हणजे रक्तावरचा कर. नणंदेने आम्हा तिघींना ते आपापल्या व्हॉट्सअॅप स्टेटसला लावायला सांगितलं. आम्ही लाजत, घरातल्या पुरुषांचे नंबर वगळून लावलं. ज्या वस्तूचं पाकीट दुकानदार आजही काळ्या पिशवीत घालून देतो, तिचं नाव उघड घेण्याची आमची ती पहिलीच वेळ.

अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "चांगलं झालं. पण पाकीट किती स्वस्त होणार?"

नणंदेने लगेच हिशेब केला. 40 रुपयांच्या पाकिटात चार रुपयांच्या वर कर आहे, तेवढे कमी होतील. नवा दर 27 जुलैपासून लागू झाला. आम्ही जुन्या पाकिटाचं वेष्टण कपाटात जपून ठेवलं. जुना माल संपून नवा यायला सप्टेंबर उजाडला. त्याच कंपनीचं, तेवढ्याच पॅडचं पाकीट 39 रुपयांना मिळालं. एक रुपया कमी. पुढच्या रमजानच्या सामानासोबत आणलं, तेव्हा त्यावर 42 छापलेले होते.

म्हणजे आम्ही जिंकलो की हरलो? उत्तर भावनेच्या भरात द्यायचं नाही, म्हणून आम्ही चार प्रश्न ठरवले. मागणी नेमकी होती का? सरकारी कागदावर काही बदललं का, आणि तो बदल टिकला का? त्याचा फायदा बाईच्या हातात पोचला का? आणि हॅशटॅग थंडावल्यावर काम करायला कोणी उरलं का?

पहिल्या प्रश्नाला मोहीम पूर्ण उतरली. 'स्त्रियांना न्याय द्या' अशी मोघम मागणी तिथे नव्हती. एका वस्तूवरचा एक कर काढा, एवढंच म्हणणं होतं, आणि ते थेट अर्थमंत्री अरुण जेटली यांना उद्देशून होतं. कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त आणि पॅडवर 12 टक्के, ही तुलना शाळकरी मुलीलाही समजत होती. नेमकी मागणी असली की 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर द्यावंच लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही 'हो' आहे, पण श्रेय एकट्या हॅशटॅगचं नाही. खासदार सुष्मिता देव यांच्या ऑनलाइन अर्जावर लाखो सह्या झाल्या. जेएनयूमधल्या एका संशोधक विद्यार्थिनीने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा न्यायालयाने सरकारला त्याच कुंकू-टिकलीच्या तुलनेबद्दल विचारलं. मोबाइलवरचा गलबला, संसदेतला माणूस आणि न्यायालयातला कागद, तिन्ही एकाच मागणीवर जमले. तरीही 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तो 12 टक्क्यांसकटच. तो हटायला आणखी वर्ष गेलं. त्यानंतर मात्र तो परत आलेला नाही.

तिसऱ्या प्रश्नावर आमचं घोडं अडलं. कर पूर्ण गेला, तर किंमत एकाच रुपयाने का उतरली? आमचे मधले दीर एका करसल्लागाराकडे हिशेब लिहितात. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एक कल्पित उदाहरण मांडलं.

समजा, कारखानदार 60 रुपयांचा कच्चा माल घेतो. पॅडला लागणारा लगदा, प्लास्टिकचा पापुद्रा, गोंद यांवर तेव्हा कुठे 12 तर कुठे 18 टक्के कर होता. सरासरी 15 धरला तर त्याने 9 रुपये कर भरला. तयार माल तो 100 रुपयांना विकतो. पॅडवर 12 टक्के कर होता, तेव्हा गिऱ्हाइकाकडून 112 घेऊन त्यातले 12 तो सरकारला देणं लागायचा. पण कच्च्या मालावर आधी भरलेले 9 त्यातून वळते करून घ्यायची सोय होती. प्रत्यक्षात तो 3 रुपयेच भरायचा.

आता पॅडवर कर शून्य. मात्र विक्रीवर करच नाही म्हटल्यावर ते 9 रुपये वळते करायलाही जागा उरली नाही. ते त्याच्या खर्चात जमा झाले, आणि नफा तेवढाच ठेवला तर किंमत 109 झाली. गिऱ्हाइकाचे 12 नव्हे, 3 रुपये वाचले. 40 च्या पाकिटाला हे प्रमाण लावलं, तर जेमतेम एक रुपया.

दीर म्हणाले, "सरकारने हे जुलै 2017 मध्येच सांगितलं होतं. कर शून्य केला तर इथल्या कारखानदाराला वळता कर मिळणार नाही आणि बाहेरून आलेला माल मात्र करमुक्त ठरेल, असं." आम्हाला ते तेव्हा कळलंच नव्हतं. स्टेटसवर कुंकू मावलं, कच्च्या मालावरचा कर मावला नाही. खरं तर मागणी त्या मालावरचा कर उतरवण्याचीही हवी होती. ती पुढे कोणी तशा जोरात केली नाही.

आणि तोच आमचा चौथा प्रश्न. कर घटल्याचा फायदा कंपनीने गिऱ्हाइकाला दिला नाही, तर तक्रार करण्याची सोय कायद्यात होती. त्यासाठी जुनी-नवी वेष्टणं, बिलं आणि तारखा लागतात. त्या वेळी स्टेटस लावणाऱ्या किती जणींनी वेष्टण जपलं असेल? आम्ही जपलं होतं, पण तक्रार आम्हीही केली नाही. विजयाची बातमी आली आणि गर्दी पांगली, तशी आमचीही पांगली.

शेजारच्या विड्या वळणाऱ्या खाला तर या हिशेबात कधी आल्याच नाहीत. त्यांच्या घरात तीन मुली आणि जुन्या ओढणीचे तुकडे. 40 काय नि 39 काय, त्यांनी पाकीट घेतलंच नव्हतं. त्यांच्या मुलींच्या हाती पॅड आलं ते वेगळ्याच वाटेने. ऑगस्ट 2019 मध्ये जनऔषधी केंद्रातल्या पॅडची किंमत अडीच रुपयांवरून एक रुपयावर आली. तिथे करसवलत नव्हे, थेट किंमतच उतरवली गेली. पण केंद्र आमच्या मोहल्ल्यापासून दोन रिक्षा बदलून जावं लागतं, आणि गेल्यावर माल शिल्लक असेलच असं नाही.

म्हणून आमच्या बचत गटाने एक साधं काम धरलं. महिन्यातून एकदा एक जण जाऊन सगळ्यांचा माल आणते. वहीत तारीख, पाकिटं, रक्कम आणि माल नसेल तर तसा शेरा. लागोपाठ दोन महिने माल मिळाला नाही, तेव्हा तीच वही घेऊन आम्ही केंद्रचालकासमोर उभ्या राहिलो. तिसऱ्या महिन्यापासून तो आमच्यासाठी खोका बाजूला ठेवू लागला.

नणंदेला आम्ही आता एवढंच सांगतो: हॅशटॅगने कर गेला, हे खरं. त्याशिवाय तो इतक्या लवकर गेला नसता, हेही आम्ही मानतो. एका ओळीत लिहिता येईल आणि एका सहीने होईल, असं काम त्याने करून दाखवलं. किंमत मात्र एका सहीने उतरत नाही. ती दर महिन्याला बघावी लागते.

परवा तिने नव्या मोहिमेचा हॅशटॅग पाठवला. आम्ही स्टेटसला लावला, या वेळी कोणाचा नंबर न वगळता. अम्मींनी वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "याचंही एक पान करा."