पहिला प्रश्न

आमच्या अंबरनाथच्या घरी एखादा नवा मुलगा उंबऱ्यावर दिसला, की वडिलांचा प्रश्न ठरलेला असे, ‘आडनाव काय रे तुझं?’ आणि त्यापाठोपाठ दुसरा, ‘वडील काय करतात?’ यात दुष्टावा मुळीच नव्हता. मोठ्या पाहुण्याशीही ते असेच बोलत. पण मोठा माणूस अशा प्रश्नाला बगल देतो; दहा वर्षांचे पोर चपला काढता काढता खरे उत्तर देऊन मोकळे होते.

मी पाचवीत असताना माझा एक सिंधी मित्र असाच प्रथम आमच्याकडे आला. दुसऱ्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘वारले.’ वडील गोरेमोरे झाले. आईने घाईघाईने पोह्यांची बशी पुढे केली. त्याने दोन घास खाल्ले, ‘उशीर होतो’ म्हणाला आणि निघाला. पुन्हा तो आमच्या घरी आला नाही. वर्गात मात्र पूर्वीसारखाच शेजारी बसे, याचेच मला अधिक वाईट वाटे.

पुढच्या महिन्यात त्यानेच मला उल्हासनगरला नेले. युद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहिली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तरी तो पत्ता कॅम्प नंबरानेच सांगे. बराकीतल्या त्या खोलीच्या दारात मी घाबरून उभा होतो. आता हे मला काय काय विचारतील?

त्याची आई चुलीपाशी होती. मागे वळून म्हणाली, ‘अचु पुट, वेहु.’ ये बाळा, बैस. शब्द कळले नाहीत, पण हाताने दाखवलेली खाट कळली. मग भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून मोडक्या मराठीत म्हणाली, ‘गणित तूच शिकवतो ना याला?’ एवढे बोलून ती पुन्हा चुलीकडे वळली.

सिंधी घरात पाहुण्याला पाणी आणि पापड द्यायची रीतच आहे, हे मला मागाहून कळले. पण त्या पापडाने माझे काम सोपे केले होते. तो मोडायचा, आवाज होतो, दोघे हसतो. हातांना उद्योग मिळतो. तिने विचारलेला प्रश्नही नावालाच प्रश्न होता. त्याचे उत्तर तिला आधीच ठाऊक होते. मला फक्त मान हलवायची होती. आणि ती पाहत उभी राहिली नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीची मैत्रीण बदलापूरहून आमच्याकडे आली. ओसरीवर वडील मटार सोलत बसले होते. पोरगी दारात थबकली आणि वडिलांनी चष्मा वर केला. माझ्या पोटात गोळा आला. मी स्वयंपाकघरातून धावलोच.

‘मुंग्यांची चित्रं काढतेस, ती तूच ना ग?’ वडील विचारत होते. मुलीने मान हलवली. ‘मग बैस इथं. ह्या शेंगांत अळी निघाली तर मला दाखव, मला दिसत नाही.’

ती चपला भिरकावून बसली. मी आत जाऊन पापड भाजायला घेतले.