तीस मिनिटांत पंचाहत्तर

प्रसूतिकक्षातल्या रात्रपाळीचा हिशेब कागदावर मांडला की तो जुळत नाही. कळा चांगल्या सुरू झालेल्या बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला मोजायचे असतात, तेही कळ ओसरल्यावर, पूर्ण एक मिनिट. नाडी बघायची. मग पोटावर हात ठेवून १० मिनिटांत कळा किती येतात आणि एकेक किती सेकंद टिकते ते मोजायचं, आणि सगळं लिहायचं. एकीमागे सहज १२-१३ मिनिटं जातात. सहा बाया आणि एक सिस्टर असेल, तर ३० मिनिटांत ७५ मिनिटांचं काम उभं राहतं. दारातून अजून कोणी आलेलं नसताना.

दार मात्र बंद नसतं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची घाटी, हे त्याचं मराठवाड्यातलं ठळक उदाहरण. महाविद्यालय १९५६ सालचं, खाटा ११७७. प्राथमिक आरोग्य केंद्रात अडलं की ग्रामीण रुग्णालय, तिथे अडलं की घाटी, अशी ही उतरंड आहे. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून १०८ची गाडी येते, तिच्यात बहुतेकदा सोपं बाळंतपण नसतं. सोपी वाटेतच उरकलेली असतात. त्यामुळे इथली रांग आधीच चाळलेली असते, वर राहिलेली सगळी जाड. आणि ‘आज जागा नाही, उद्या या’ हे वाक्य कळा देणाऱ्या बाईला सांगता येत नाही.

पण रांग फक्त दारातून भरत नाही. ती आतूनही भरते, आणि हेच नवख्या इंटर्नच्या उशिरा लक्षात येतं. बाळ रडलं, नाळ कापली, वार पडली, की त्याला वाटतं यादीतलं एक नाव कमी झालं. वास्तविक तिथून पुढे दोन तास दर १५ मिनिटांनी त्या बाईची नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय घट्ट आहे की नाही हे बघायचं असतं. म्हणजे एक काम संपलं आणि आठ नवी लागली. ती टाळावीत असा मोह सगळ्यात जास्त याच वेळी होतो, कारण बाई शांत झोपलेली असते आणि शेजारची ओरडत असते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवाज करत नाही. चादरीखाली हात घालून बेंबीच्या खाली कडक चेंडू लागतो की मऊसर पीठ, एवढं कळायला २० सेकंद लागतात. मऊ लागलं की बाकी सगळं सोडून पोट चोळायला घ्यायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची.

अशा ठिकाणी वेगाने काम करून काही साधत नाही, क्रम ठरवावा लागतो. तो ठरवायला जगभरच्या प्रसूतिकक्षांनी वापरलेलं साधन म्हणजे एक चौकटींचा कागद. त्याची गोष्ट थोडी लांबवण्याजोगी आहे. १९५४ साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रिडमन यांनी १०० बायांच्या गर्भाशयाचं तोंड तासागणिक किती उघडतं याचा आलेख काढला. तोपर्यंत ‘होईल, वेळ लागतोय’ हेच मोजमाप होतं. पण तो आलेख अभ्यासकाचा होता, पाळीवर उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता. तसा तो केला फिलपॉट आणि कॅसल या जोडीने, १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात. फिलपॉट प्रसूतितज्ज्ञ, कॅसल संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्यापुढची अडचण मराठवाड्यातल्या कोणालाही ओळखीची वाटेल: लांबवर पसरलेली छोटी केंद्रं, तिथे एकेकटी दाई-परिचारिका, आणि शस्त्रक्रियेची सोय एकाच मोठ्या रुग्णालयात. कोणाला आणि कधी पाठवायचं? त्यांनी पहिलटकरणींतल्या सगळ्यात हळू दहा टक्क्यांचा वेग धरला, तासाला साधारण १ सेंटीमीटर, आणि त्या वेगाची तिरकी रेघ मारली. ही सावधानतेची रेघ. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी समांतर रेघ, कृतीची. मधली जागा म्हणजे बाईला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पोचवण्याची मुदत. प्रसूतिशास्त्रात यापेक्षा महागडी यंत्रं पुष्कळ आली, पण तज्ज्ञाचा निर्णय दोन रेघांत उतरवून एकट्या परिचारिकेच्या हातात देणारी इतकी सभ्य कल्पना क्वचित सापडेल.

कागद क्रम कसा लावतो, ते एक कल्पित रात्र घेऊन बघता येतं. दोन वाजले आहेत. दोन नंबरची पहिलटकरीण रात्री दहाला ५ सेंटीमीटर होती, आता ६ आहे. चार नंबरचं तिसरं बाळंतपण, ८ सेंटीमीटर, जोर येतोय म्हणते. पाच नंबर ४० मिनिटांपूर्वी मोकळी झाली. आणि दारात नवी बाई, रक्तदाब १६०/११०, डोकं प्रचंड दुखतंय. चार नंबरची सासू दाराच्या फटीतून सांगतेय, “सिस्टर, आमचीला आधी बघा ना हो!”

पहिली दारातली. तिला झटके येऊ शकतात; निवासी डॉक्टरांना हाक, रक्तदाबाचं औषध आणि मॅग्नेशियम सल्फेट. तिच्याकडे जाता-जाता पाच नंबरच्या पोटावर हात, कारण त्याला २० सेकंदच लागतात. चार नंबरपाशी इंटर्न आणि मावशी थांबतात, ट्रे उघडून; तिसरं बाळ वाट बघत नाही. आणि दोन नंबर? तिची रेघ सावधानतेच्या उजवीकडे गेली आहे. दहाला ५ असलेली बाई त्या रेघेप्रमाणे दोनला ९ हवी होती. पण ६ सेंटीमीटरवर कृतीची रेघ तीन वाजता लागते. म्हणजे तिच्यापाशी एक तास आहे. तिला लघवी करवायची, बाळाचे ठोके ऐकायचे, डॉक्टरांना ‘तीनच्या आत बघा’ असं वेळेसकट सांगायचं. कोण आधी आलं, कोण जास्त ओरडतं, यावर काही ठरलं नाही. कोणाला किती वेळ थांबता येईल यावर ठरलं.

या कागदाचा एक रोगही सर्वत्र ठाऊक आहे: तो बाळंतपणानंतर भरला जातो. काम हाताबाहेर गेलं की सगळ्यात आधी लिहिणं सुटतं, मग पहाटे सगळे ठिपके एकदम पडतात. ओळखायला कठीण नाही. शाई एकच, ठोके १४०, १४२, १४०, १४२, आणि उघडण्याचे ठिपके रेघेवर पट्टी ठेवल्यासारखे. खऱ्या कागदावर एखादी वेळ सुटलेली असते, एखादा ठिपका घाईत चौकटीबाहेर गेलेला असतो. सुटलेली वेळ रिकामी ठेवणं केव्हाही बरं, कारण ठोके तासभर कोणी ऐकले नाहीत ही गोष्ट पुढच्या डॉक्टरला कामाची असते.

रेघही आता तीच राहिलेली नाही. सगळ्या बाया तासाला १ सेंटीमीटरने जात नाहीत आणि त्या अपेक्षेपायी नाहक हस्तक्षेप होतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवा तक्ता दिला. त्यात ५ सेंटीमीटरपासून मोजायला सुरुवात होते आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत आहे: ५वर सहा तास, ६वर पाच, ७वर तीन, ८वर अडीच, ९वर दोन. वरच्या रात्रीतल्या दोन नंबरला या हिशेबाने बराच अवधी मिळाला असता. ठोके मात्र अजूनही दर अर्ध्या तासालाच ऐकायचे आहेत.

सकाळी चार्ज देताना रांग रिकामी नसतेच. खाटांची नुसती यादी वाचली तर नव्या सिस्टरला काही कळत नाही. प्रत्येक खाटेपुढे पुढची तपासणी किती वाजता आणि कशासाठी, एवढं सांगितलं तर ती पहिल्या मिनिटापासून क्रमाने लागू शकते. मोकळ्या झालेल्या बायांची नावं त्यात दोन तास पूर्ण होईपर्यंत राहतात.