राघूची गोष्ट

आमच्या घरात लेकरांना सांगायची एक गोष्ट आहे. माझ्या आज्जीनं ती रचली, आईनं माझ्या धाकट्या भावंडांना सांगितली, मी माझ्या पोरांना सांगितली आणि आता नातवाला सांगतो. गोष्ट अशी.

एक होता राघू. एका शेतकऱ्याच्या सोप्यात त्याचा पिंजरा होता. दारात कुणी आलं की राघू म्हणायचा, "या, बसा, पानी घ्या." भिकारी येवो नाहीतर पाटील येवो, सगळ्यांना तेच. एकदा घरात लाडू केले. तेवढ्यात पाहुणा आला. लाडू द्यावे लागतील म्हणून घरधन्यानं डबा लपवला आणि पोराच्या कानात म्हणाला, "सांग, लाडू न्हाईत." राघूनं ऐकलं. पाहुणा बसला तसा राघू म्हणाला, "या, बसा, पानी घ्या. सांग, लाडू न्हाईत!" पाहुणा हसला, पोरं हसली, घरधनी लाजला. डबा निघाला, सगळ्यांनी लाडू खाल्ले. गोष्ट संपली.

लेकरं राघूचा आवाज काढून दोन दिवस घरभर नाचतात. माझा नातू सात वर्षांचा आहे, पुण्यात असतो, सुट्टीत येतो. यंदा त्यानं विचारलं, "आजोबा, लाडू खूप होते तर लपवले कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. कारण खऱ्या गोष्टीत लाडू नव्हतेच. लाडू आज्जीनं घातलेत. खरं काय झालं ते मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. ते इथं लिहितो.

राघू आमच्याकडं आला १९६९ च्या चैत्रात. वळवाच्या वाऱ्यात ओढ्याकाठच्या जुन्या पिंपळाची फांदी मोडली. तिच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं होती. दोन मेली होती, एक जगलं होतं. अंगावर नुसते खुंट, डोळे उघडलेले, चोच अंगापेक्षा मोठी. आज्जीनं ते पदरात घालून आणलं. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, कोमट करून बोटानं भरवली. महिन्या-दीड महिन्यात हिरवं पाखरू झालं. राघू हे नाव आम्ही आधीच ठेवलं होतं; तो नर आहे हे कळलं तिसऱ्या वर्षी, गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ उमटला तेव्हा. मादीला असा कंठ येत नाही.

बोलायला त्याला आज्जीनंच शिकवलं. गावात ज्याची त्याची तऱ्हा होती. कुणी म्हणे हिरवी मिरची चार, जीभ सैल होते. कुणी म्हणे जीभ घासावी लागते. आज्जीनं जिभेला हात लावू दिला नाही, हे बरं केलं. पोपटाचा आवाज जिभेत नसतोच. तो श्वासनळीच्या पार तळाशी, छातीत तयार होतो. जीभ घासली तर पाखरू जायबंदी होतं, दुसरं काही होत नाही. मिरची मात्र राघू आवडीनं खायचा. पाखरांना मिरची तिखट लागतच नाही, म्हणून ती बियांसकट खातात. बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आज्जीची रीत साधी होती. सकाळी झाडलोट व्हायच्या आधी आणि दिवेलागणीला, घर शांत असताना, ती पिंजऱ्यासमोर बसायची आणि तेच चार शब्द, त्याच सुरात म्हणायची. "या, बसा, पानी घ्या." दुसरं काही नाही. चार महिने झाले तरी पाखरू गप्प. आई म्हणायची, "आत्याबाई, सोडा आता नाद." मग एक दिवस दळण घेऊन कुणी बाई दारात आली आणि आढ्याखालून आज्जीचाच आवाज आला, "या, बसा." आज्जी तर परड्यात होती. त्या बाईनं पाटी तिथंच टाकली आणि पळाली.

पुढं तो गावाचा राघू झाला. लोक वाट वाकडी करून आमच्या दारावरून जायचे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आधीची दोन वर्षंही बेताचीच गेली होती, त्या वर्षी मात्र खरीप उगवलंच नाही. विहिरीत कळशी बुडत नव्हती. आई-आबा खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावर पोरांना सुकडी. मी बारा वर्षांचा. आज्जी, मी आणि राघू दिवसभर घरात. त्याला डाळ कुठली? तो मिलोच्या भाकरीचा तुकडा पायात धरून खायचा.

आबांनी आदल्या साली भुईमूग काढायला वाडीवरच्या एका बाईला लावलं होतं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. एकवीस दिवस तिनं शेंगा काढल्या, तोडल्या. दिवसाला सव्वा रुपया, म्हणजे सव्वीस रुपये चार आणे. शेंगा विकून सोसायटीचं कर्ज फिटलं, मावशीची मजुरी राहिली. सुगीत देतो म्हणाले, आणि पुढं सुगीच आली नाही.

मावशीचं काम दुसरीकडं पाझर तलावावर होतं. बाजारादिवशी कामाला सुट्टी. त्या दिवशी ती चार मैल चालत यायची. ती वळणावर दिसली की आबा परड्यात जायचे. जाता जाता दबक्या आवाजात मला म्हणायचे, "सांग, घरी न्हाई." मग राघू म्हणायचा, "या, बसा, पानी घ्या." मावशी उंबऱ्याशी टेकायची. मी खाली बघून सांगायचो, "आबा बाजाराला गेल्यात." ती पाणी प्यायची, घटकाभर बसायची आणि उठून जायची. असे सहा-सात बाजार गेले. आज्जी त्या वेळी जात्याशी असायची, नाहीतर देवळात. तिला कळत नव्हतं की कळून ती गप्प होती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी मावशीबरोबर तिची लेक होती, माझ्याएवढीच. आबा परड्यात गेले. त्या दिवशी ते मला काही बोललेसुद्धा नाहीत, नुसती मान हलवली. मावशी दारात आली. राघूनं पंख झाडले आणि म्हणाला, "या, बसा, पानी घ्या." आणि लगेच, हुबेहूब आबांच्या दबक्या आवाजात, "सांग, घरी न्हाई."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मावशीनं पिंजऱ्याकडं बघितलं, मग परड्याच्या दाराकडं. ती लेक हसायला लागली तशी मावशीनं तिला गप्प केलं. मला म्हणाली, "दे बाबा पानी. लांबनं आलूया." दोघी पाणी प्यायल्या. तांब्या पालथा घालून माझ्या हातात दिला आणि गेल्या. ती एक शिवी देऊन गेली असती तर बरं वाटलं असतं.

आबा आत आले तेव्हा आज्जी सोप्यात उभी होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "म्या चार म्हैनं बसले तवा त्यानं चार शब्द घेतलं. तुझं त्यानं न शिकिवता घेतलं. आता ह्या पोरानं किती घेतलंय ते तू बघ."

आज्जीला शास्त्र माहीत नव्हतं, पण ती बोलली ते पाखराच्या बाबतीत खरंच आहे. पोपट रानात थव्यानं राहतो आणि थव्याचे आवाज उचलतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला घरची माणसं हाच थवा. नुसतं सारखं बोललेलं तो हळूहळू घेतो. पण ज्या आवाजात घाई आहे, भीती आहे, राग आहे, तो पटकन घेतो, कारण रानात तसा आवाज म्हणजे खबर असते. शिवाय कुठला आवाज कशाबरोबर येतो हे तो धरून ठेवतो. माणूस वळणावर दिसलं की आबांचा तो आवाज यायचा. राघूच्या लेखी तोही पाहुण्याला म्हणायचाच शब्द झाला.

त्याच संध्याकाळी आबा मला घेऊन वाडीला गेले. बरोबर शेळीचं पाट होतं. मावशीच्या खोपटासमोर उभं राहून म्हणाले, "पैसं न्हाईत. घरात असून न्हाई म्हणून सांगत हुतो. हे पाट ठेव. राहिलेलं पीक आल्यावर." मावशीनं पाटाचे पंधरा रुपये धरले. राहिले सव्वाअकरा. १९७३ ला पाऊस चांगला झाला, बाजरी आली, तेव्हा ते आबांनी नेऊन दिले, तेही मला बरोबर घेऊनच.

पण राघूचं काय? पोपटाचा शब्द पुसता येत नाही. आबांनी पिंजऱ्यावर पोतं टाकलं, दटावलं. दटावलं की तो जास्तच म्हणायचा. माणूस जवळ येऊन बोलतंय याचाच त्याला आनंद. एकच उपाय असतो, तो शब्द घरात पुन्हा काढायचा नाही आणि तो बोलला तर तिकडं लक्ष द्यायचं नाही. कमी व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं. तोवर तलाठी येवो, दुकानदार येवो, पाहुणे येवोत, राघू म्हणायचा, "या, बसा, पानी घ्या. सांग, घरी न्हाई." आणि आतून आबा धावत बाहेर यायचे, "हाय, हाय! घरातच हाय!" देणेकऱ्यापासून लपायची सोयच राहिली नाही. समोर येऊन 'आज नाहीत, अमुक दिवशी देतो' असं सांगायची सवय आबांना अशी लागली, आणि ती मरेपर्यंत राहिली.

आज्जी गेली त्यानंतरही चारेक वर्षं राघू होता. दारात कुणी आलं की आज्जीच्या आवाजात "या, बसा" म्हणायचा. तेव्हा आबा हातातलं काम थांबवायचे.

आता नातू म्हणतो, आपणही पोपट पाळू. मी त्याला सांगितलं, ते आता चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो कायदा आमच्या दुष्काळाच्याच सालचा, १९७२ चा. पिल्लांसाठी ढोल्या फोडतात, पोत्यात कोंबून नेतात, त्यातली कितीतरी वाटेत मरतात. पोपट बघायचा तर हुरड्याच्या दिवसांत ये. कणसावर थवा उतरतो तेव्हा मी गोफण घेऊन शिव्या देतो आणि बघतही राहतो.

हे लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. यंदा कांदा पडला. ट्रॅक्टरवाल्याचे साडेचार हजार माझ्याकडं राहिले. त्याचा फोन आला तेव्हा मोबाइल नातवाच्या हातात होता. मी हळूच म्हणालो, "सांग, आजोबा शेतात गेलेत." त्यानं सांगितलं. खाली बघून सांगितलं.

त्या रात्री त्यानं लाडवाचं विचारलं. मी बराच वेळ गप्प बसलो. सकाळी त्याला जवळ बसवून ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. म्हणालो, "काल मी घरातच होतो. पैसे आज नाहीत. सोयाबीन झाल्यावर देतो." तो म्हणाला, "मग कालच सांगायचं की दादा."

मग नातवाला पहिल्यापासून गोष्ट सांगितली, लाडू काढून टाकून.