वादपत्रातल्या तारखा

वकिलीच्या मुलांचे ड्राफ्टिंगचे पेपर मी तपासतो. पैसे वसुलीच्या दाव्याचे वादपत्र हातात आले की कोर्टाचे नाव आणि पक्षकारांचे पत्ते पाहतो, पण सर्वांत जास्त वेळ थांबतो तो 'दाव्यास कारण' या परिच्छेदावर.

एकदा दिलेली तथ्ये अशी होती. सोलापूरच्या एका कापड दुकानदाराने 10 एप्रिल 2022 रोजी त्याच शहरातल्या मित्राला 2,00,000 रुपये बिनव्याजी हातउसने दिले, मागताच परत करण्याच्या बोलीवर. मित्राने 5 ऑगस्ट 2023 रोजी 50,000 रुपयांचा स्वतःच्या सहीचा चेक दिला आणि तो वटला. नोव्हेंबर 2025 मध्ये वकिलाची नोटीस गेली. दावा 15 जानेवारी 2026 रोजी दाखल करायचा आहे.

बहुतेक मुले लिहितात, 'नोटिशीनंतरही पैसे दिले नाहीत, तेव्हा दाव्यास कारण घडले.' वाक्य कानाला बरोबर वाटते. पण मुदत कायद्याप्रमाणे अशा उसनवारीची तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे मुदत 10 एप्रिल 2025 रोजीच संपली. नोटिशीने ती वाढत नाही. मुदत गेल्याचे वादपत्रातूनच दिसले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली ते फेटाळले जाऊ शकते. दुकानदाराचे पैसे खरे असूनही बुडतात.

त्याला तारतो तो चेक. मुदत संपण्याआधी अंशतः फेड झाली आणि तिची नोंद देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने असली, तर कलम 19 प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. म्हणून असे लिहावे: 'प्रतिवादीने दि. 5 ऑगस्ट 2023 रोजी स्वतःच्या सहीच्या चेकने 50,000 रुपये अंशतः परत केले. त्यामुळे दावा दि. 5 ऑगस्ट 2026 पर्यंत मुदतीत आहे.' हीच रक्कम रोख दिली असती आणि कुठे सही नसती, तर हा आधार मिळाला नसता.

पुढे मी आकडा पाहतो. मागणी 1,50,000 रुपयांचीच हवी आणि दाव्याचे मूल्यांकन व कोर्ट फी त्याच रकमेवर हवी. काही जण 2022 पासून अठरा टक्के व्याज जोडतात. करार बिनव्याजी आहे, मग ते व्याज आले कुठून? दावा दाखल झाल्यानंतरचे व्याज मात्र कोर्टाच्या विवेकावर सोडून मागता येते.

शेवटी पडताळणी. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आणि कोणते वकिलाच्या सल्ल्यावरून, ते क्रमांकानिशी लिहावे. खाली वादीची सही, ठिकाण व तारीख, आणि सोबत प्रतिज्ञापत्र. पेपरात सहीच्या जागी फक्त 'वादी' लिहा, स्वतःचे नाव नको.