भर दुपारचे फोटो आणि खोल गेलेले डोळे

उन्हाळी पिकनिकचे फोटो घरी पाठवले की आजीचा हमखास फोन येतो, "पोरगी वाळलीय का गं? डोळे किती खोल गेलेत!" पोरगी ठणठणीत असते. डोक्यावरच्या उन्हात कपाळ चकाकतं, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते आणि नाकाची सावली ओठावर मिशीसारखी उतरते, एवढंच.

इकडे न्यू जर्सीत जुलैमध्ये सूर्य सगळ्यात वर असतो तो बाराला नाही, एकच्या सुमारास. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात ना! म्हणजे नेमकी जेवणं उरकून फोटो काढायची वेळ. झाडाखाली जावं तर पानांतून कवडसे पडतात आणि गालावर डाग दिसतात.

मग असं करा. मुलीला उन्हाकडे पाठ करून बसवा आणि मान किंचित खाली घ्यायला सांगा, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर ऊन येणार नाही. कुणालातरी तिच्या डोक्यावर छत्री धरू द्या. छत्री काळी किंवा पांढरी हवी, लाल छत्रीचा रंग चेहऱ्यावर उतरतो. आता तिच्यासमोर दोन-तीन फुटांवर, उन्हात, पांढरी चादर धरा. हिरवळीवरून उडणारा उजेड हिरवट असतो, चादरीचा पांढरा. चादर जमिनीवर पसरलीत तर मात्र उजेड फक्त खालून येतो आणि हनुवटीखाली टॉर्च धरल्यासारखा भुताचा चेहरा होतो. दोघांनी कोपरे धरून ती तिच्या छातीच्या उंचीपर्यंत तिरकी उचलायची, फ्रेमच्या जरा खाली. जमलं की नाही हे बुबुळात बघा. तिथे पांढरा ठिपका चमकला की उजेड डोळ्यांपर्यंत पोचला.

फोटो आधीच काढून झालाय? Snapseed मध्ये Selective घ्या, एका डोळ्याखालच्या सावलीवर ठिपका ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ खोबणीएवढं लहान करा आणि Brightness थोडासाच वाढवा. मग दुसरा डोळा. सावलीत आभाळाचा निळसर उजेड असतो. त्यामुळे जास्त उजळलं की आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर राख फासल्यासारखं दिसतं. नाकाची सावली याहून हट्टी. तिची कडा धारदार असते, आतला भाग उजळला तरी रेघ राहतेच. ती पूर्ण पुसायच्या नादी लागू नका, नाक सपाट दिसायला लागतं. निम्मी फिकी झाली की थांबा.

आणि कपाळ पांढरंफटक आलं असेल, तर तिथला रंग कॅमेऱ्याने टिपलेलाच नसतो. तो नंतर परत आणता येत नाही. म्हणून उन्हात काढताना फोनवर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेड जरासा खाली ओढा. थोडी काळी आलेली सावली घरी बसून उजळता येते.