उसवण आणि टाका

आतड्यात कायमची रात्र असते. त्या ओल्या, उबदार काळोखात पेशींची मखमल पसरलेली असते आणि तिच्यावरून एक जीव पोहत येतो. साल्मोनेला. तो पेशीला टेकतो. आपणही इथं जरा थांबू.

त्याच्या अंगावर सुया आहेत. एकेक सुई सुमारे 50 नॅनोमीटरची; अशा दीड हजार सुया एकापुढे एक मांडल्या, तर कुठं आपल्या एका केसाची जाडी भरेल. सुईखाली कड्यांवर कडी रचलेलं जोतं आहे, जिवाणूच्या दोन्ही पापुद्र्यांतून आरपार गेलेलं. 1998 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे जोतं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ते ओळखीचं वाटलं. जिवाणूला पोहायला लावणारी शेपटी अशाच जोत्यावर फिरते. एकाच कुळातल्या दोन वस्तू: एक वाट कापणारी, दुसरी उंबरठा ओलांडणारी.

गवताचं पातं बुडाशी वाढतं. ही सुई टोकाशी वाढते. तिचे इवले प्रथिनकण तिच्याच पोकळीतून वर चढतात आणि शेंड्यावर मळसूत्रासारखे एकावर एक बसतात. पुरे कधी म्हणायचं, ते इन्व्ह-जे नावाचं प्रथिन ठरवतं. ते नसलं की सुई वाढतच राहते, बेसुमार लांब होते आणि तिच्यातून पुढचं काहीच जात नाही. थांबणं हाही तिच्या घडणीचाच एक भाग.

शास्त्रज्ञ हिला इंजेक्शनची सुई म्हणतात. पण हिला दट्ट्या नाही, औषधाची धारही नाही. आतली पोकळी जेमतेम दोन नॅनोमीटरची. पेशीत पाठवायचं प्रथिन घडी घातलेलं असताना तिच्यात मावायचं नाही. म्हणून जोत्याशी बसलेलं एक यंत्र प्रथिनाचा सोबती अलगद बाजूला करतं, प्रथिनाची घडी मोडतं आणि सरळ झालेला तो धागा टोकाकडून सुईत सरकवतं. प्रयोगात या धाग्याच्या शेपटाला न उलगडणारी गाठ मारली, हिरवं चमकणारं घट्ट प्रथिन जोडलं, तर पुढचा भाग सुईत शिरला आणि गाठ दाराशी अडकली. अर्ध्यावर थबकलेला तो धागा मग सूक्ष्मदर्शकातही दिसला. मला तर ही शिवणाची सुई वाटते.

सुईचं टोक पेशीच्या पडद्याला भिडतं, तिथं एक छिद्र पडतं आणि धागे पलीकडे उतरून पुन्हा आपापली घडी घेतात. त्यातल्या दोघांकडे बघू. पहिला सॉप-ई. पेशीच्या आतल्या सांगाड्याला हलवणाऱ्या कळा तो चालू करतो. काही मिनिटांत पेशीची शिवण जणू उसवते. मखमल लाटांसारखी उचंबळते, जिवाणूभोवती मिटते आणि त्याला कुशीत घेते. बळजोरीनं शिरावं लागतच नाही. पेशी स्वतःच ओढून घेते.

दुसरा एस-पी-टी-पी. तो त्याच कळा बंद करतो. उसवलेल्याला टाका घालतो.

आता कोडं असं, की दोघे जवळजवळ एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात आत येतात. मग आधी उसवण आणि नंतर टाका हा क्रम कोण सांभाळतं? उत्तर पेशीतच आहे. प्रत्येक पेशीत नको असलेली प्रथिनं मोडून टाकणारी यंत्रं असतात. त्यांना प्रोटिअसोम म्हणतात. सॉप-ईवर मोडीची खूण लवकर बसते आणि तो भराभर नाहीसा होतो. एस-पी-टी-पी मागे रेंगाळतो. काही तासांत लाटा ओसरतात, पेशी पूर्ववत होते. एस-पी-टी-पी काढून घेतलेला जिवाणू आत शिरला, तर पेशीला सावरणं जमत नाही.

याहून नवल पुढं आहे. संशोधकांनी सॉप-ईचं आरंभीचं टोक काढून तिथं एस-पी-टी-पीचं टोक जोडलं. सॉप-ई जास्त काळ टिकला आणि पेशीचं सावरणं लांबलं. म्हणजे जे टोक सुईत आधी ओवलं जातं, त्याच टोकात या धाग्याचं पेशीतलं आयुष्यही लिहिलेलं असतं. लिहिणारा जिवाणू, वाचणारी पेशी. ती रोजची झाडलोट करत राहते आणि तिच्या केरसुणीच्या लयीवर पाहुण्याचं घड्याळ चालतं.

हा पाहुणा साळसूद नाही, हे आपल्या पोटाला ठाऊक आहे. पण आता त्या काळोखात बाहेरून काही कळायचं नाही. मखमल पुन्हा सपाट झाली आहे, टाका दिसतही नाही. आत एका इवल्या बुडबुड्यात तो बसला आहे, आणि तिथल्या कामासाठी त्यानं निराळ्या घडणीच्या सुया जुळवायला घेतल्या आहेत.