गळ्याशी तडा

अमेरिकेत भाचीच्या घरी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी तानपुऱ्याची पेटी उघडली. ही माझी शेवटची चूक. पण सगळ्या चुकांचा हिशेब तिच्यामुळेच लागला, म्हणून तिच्यापासूनच सांगते.

वरून सगळं ठीक दिसत होतं. तबली चकचकीत, खुंट्या जागच्या जागी. जोडी छेडली तेव्हा मात्र आवाजाखाली पत्रा थरथरावा तशी कुरकुर आली. भोपळ्यावर बोटाने टकटक करत वर सरकत गेले. खाली गोल, मोकळा आवाज येत होता, गळ्यापाशी मात्र तो बसका झाला. दिव्याखाली धरलं तर दांडी भोपळ्याला जिथे मिळते त्या सांध्यावर केसाएवढी रेष होती. दांडी जरा मागे रेलली की रेष उघडायची.

मी भोपळ्याला जपलं होतं. वाळलेला, आतून पोकळ, तोच फुटणार, असा माझा ठाम समज. म्हणून त्याच्याभोवती आईची गोधडी आणि तिच्यावर दोन जाड टॉवेल गुंडाळले. भोपळा पेटीत घट्ट बसला. साडेतीन फुटांची दांडी मात्र नुसतीच लोंबत राहिली, तिच्याखाली हात सहज जाईल एवढी जागा होती. वर खुंट्यांचं वजन. पेटी आपटली की भोपळा जागचा हलत नाही आणि दांडी पुढे झेपावते. तो सगळा झटका गळा झेलतो. बाहेरून कुणी काही मारायला नको, वाद्याचं स्वतःचं वजनच त्याला मोडतं.

त्यातून मी तारा सुरात ठेवल्या होत्या. पोचल्यावर लगेच बसता यावं, एवढाच विचार. चारही तारा दांडीला आधीच घोडीकडे ओढत असतात, आणि वरून झटका बसला की सांध्यावर दोन्हींचा भार एकदम येतो.

मुंबईच्या काउंटरवरची गोष्ट मला जास्त बोचते. बऱ्याच विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरपर्यंतची बॅग नेहमीच्या सामानात घेतात. माझ्या एकट्या तानपुऱ्याची लांबीच तेवढी भरत होती. जादा पैसे भरले. मग काउंटरवरच्या मुलीने एक टॅग पुढे केला, "मॅडम, इथे सही." रांग खोळंबली होती, मी सही केली. तो ‘लिमिटेड रिलीज’ टॅग होता. वस्तू नाजूक आहे आणि मोडली तर कंपनीची जबाबदारी नाही, हे मी मान्य केलं होतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते. मी पाचव्या दिवशी केली. उत्तरात त्यांनी माझ्याच सहीची प्रत पाठवली. विमानतळावरून निघण्याआधी पेटी उघडून तिथेच नोंद करून घेतली असती, तर निदान तडा प्रवासातच गेला एवढं तरी कागदावर आलं असतं.

परत आल्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. तिथल्या कारागीर काकांनी तानपुरा मांडीवर घेतला, अंगठ्याने गळा दाबला आणि म्हणाले, "ताई, भोपळ्याला झोपवलंत, दांडीला उभं ठेवलंत." सांधा त्यांनी पुन्हा जोडून दिला. जवारीही नव्याने लावावी लागली, कारण घोडी जागची सरकली होती. तिचे पाय नेमके कुठे होते याची खूण मी केली नव्हती.

पुढच्या खेपेला त्यांच्याकडूनच बांधायला शिकले. आधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने बारीक रेघ. मग तारा चार-पाच सूर उतरवायच्या, पण पार सोडायच्या नाहीत, नाहीतर नुसत्या ताणावर उभी असलेली घोडी पडून तबलीवर आपटते. तारा आणि तबली यांच्यामध्ये मऊ सुती कापड. भोपळ्याच्या बुडाखाली दोन इंच फोम, म्हणजे पेटीची भिंत त्याला भिडत नाही. मुख्य आधार गळ्याखाली द्यायचा आणि तिथून दांडीभर जुन्या सुती साड्यांच्या घड्या, शेवटपर्यंत, एकही पोकळी न ठेवता. खुंट्यांच्या टोकांना मात्र काहीही टेकू द्यायचं नाही. त्यांच्यावर दाब आला तर डोकं चिरतं.

झाकण लावून पेटी उभी-आडवी हलवायची. आत जरा जरी सरकल्यासारखं वाटलं की पुन्हा उघडायची. मी चार वेळा उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला भरलेल्या पेटीचा फोटो चिकटवला, तपासणीत कुणी उघडली तर घड्या कुठल्या कुठे होत्या ते त्याला कळावं म्हणून.

त्या वेळी विमानतळावरच, सामानाच्या पट्ट्याशेजारी जमिनीवर बसून मी पेटी उघडली. वरची साडी वेगळ्या घडीत होती, म्हणजे कुणीतरी उघडून परत नीट ठेवली होती. गळ्याखालची तशीच. गळ्यापासून खालपर्यंत बोटाने टकटक केली. आवाज सगळीकडे सारखा, मोकळा आला.